गोंगाटातलं गाणं ओळखताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये मी जुन्या कॅसेटवरची गाणी आणि भाषणं पेनड्राइव्हवर उतरवून देतो. हल्ली कॅसेटपेक्षा फोन घेऊन येणारेच जास्त. "मागे कुठलं गाणं वाजतंय तेवढं सांगा ना," एवढंच त्यांचं मागणं असतं. तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणाला एकच रेकॉर्डिंग घेतलं आहे. पंचवटीतल्या एका काकूंनी ते आणलं होतं. त्यांच्या यजमानांनी रामकुंडाजवळून चालताना ते फोनवर घेतलं होतं, लांबी ४७ सेकंद. पुढे नात भेळेसाठी हट्ट करते आहे, रिक्षाचा हॉर्न वाजतो, आणि या सगळ्यामागे टाळ, पखवाज आणि कुणाचं तरी गाणं. नातीच्या आवाजासाठी जपलेलं हे रेकॉर्डिंग त्यांच्या परवानगीने इथे वापरतो आहे.

फोनमधलं गाणं तुमच्याकडे कसं पाठवायचं?

मूळ फाइल पाठवा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर कागदपत्र जोडतो तशी, म्हणजे डॉक्युमेंट म्हणून जोडा. एका फोनवर वाजवून दुसऱ्या फोनने व्हॉइस मेसेज करू नका. व्हॉइस मेसेज बोलण्यासाठी बेतलेला असतो. त्यात आवाज आणखी दाबला जातो, खोलीतला पंखा येतो, स्पीकरची खरखर येते, आणि आधीच अर्धमेलं असलेलं गाणं पार जातं. फोनवर बोलता बोलता ऐकवणं त्याहून वाईट. कॉलमध्ये माणसाचा आवाज सोडून बाकीचं सगळं गोंगाट समजून फोन कापत असतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

गाणं ओळखणारं अॅप एवढ्या गोंगाटातही चालतं का?

पुष्कळदा चालतं, आणि का चालतं ते कळलं की ते कुठे अडतं हेही कळतं. शाझमसारखं अॅप गाणं आपल्यासारखं ऐकत नाही. कोणत्या क्षणी कोणती कंपनसंख्या सगळ्यांत जोरात आहे, एवढे ठळक बिंदू ते टिपतं. त्यांच्या जोड्या लावतं आणि दोन बिंदूंमध्ये किती वेळ गेला ते धरून आपल्या साठ्यात शोधतं. ढगाळ रात्री चार ठळक तारे दिसले तरी नक्षत्र ओळखता येतं, तसंच हे. हॉर्नमुळे काही बिंदू झाकले जातात, काही खोटे वाढतात, पण उरलेल्या जोड्या जागच्या जागी असल्या तर जुळणी लागते.

याचा अर्थ अॅप गाणं नव्हे, ठरावीक रेकॉर्डिंग ओळखतं. तोच गायक तेच गाणं उद्या मंचावर गायला तर बिंदूंमधली अंतरं बदलतात आणि बहुतेक वेळा काही सापडत नाही. लग्नाचा बँड, घरातलं भजन, दिंडी यांच्यापुढे ते हात टेकतं. गुणगुणून शोधण्याची सोय निराळी आहे. ती चालीचा चढउतार पाहते, म्हणून तुम्ही स्वतः स्वच्छ गुणगुणलात तर उपयोगी पडते. टाळांच्या खणखणाटात ती फारशी कामाची नाही.

अॅपला काहीच सापडलं नाही. म्हणजे ते गाणं रेकॉर्डवरचं नव्हेच ना?

इथेच जास्तीत जास्त लोक घसरतात. काकूंच्या मुलानेही हेच धरलं होतं: "अॅपला मिळालं नाही, म्हणजे प्रत्यक्ष दिंडीच होती."

कुठलीही खूण तोलताना दोन प्रश्न विचारायचे. माझा अंदाज खरा असता तर ही खूण कितीदा दिसली असती? आणि अंदाज खोटा असता तर कितीदा? समजा दिंडी खरोखर गात होती. मग अॅप जवळजवळ नेहमीच रिकाम्या हाताने परतलं असतं. आता समजा भोंग्यावर कॅसेट वाजत होती. एवढा हॉर्न, एवढे टाळ आणि त्यावर नातीचं बोलणं असताना अॅप माझ्या अंदाजाने निम्म्या वेळा तरी हरलंच असतं. म्हणजे "सापडलं नाही" ही खूण दिंडीच्या बाजूने जेमतेम दुप्पट वजन टाकते. एवढ्यावर कुणी निकाल देऊ नये.

आणि तोच तुकडा दहा वेळा लावून दहा वेळा अपयश आलं, तरी पुरावा दहापट होत नाही. गोंगाट तोच, अडचण तीच. वेगळ्या सेकंदांचा, जिथे हॉर्न नाही असा तुकडा लावून पाहिला तर मात्र थोडी नवी माहिती मिळते.

तुकडा कसा कापायचा? गोंगाट आधी साफ करायचा का?

मूळ फाइलला हात न लावता तिची एक प्रत घ्या. दहा ते पंधरा सेकंदांचा असा भाग शोधा की जिथे समोरचा माणूस श्वास घ्यायला थांबला आहे. संगणकावर ffmpeg नावाचा प्रोग्राम असला तर हे एका ओळीत होतं:

```
ffmpeg -i ramkund.m4a -ss 18 -t 15 -ac 1 -af "highpass=f=200,lowpass=f=4000" clip.wav
```

अठराव्या सेकंदापासून पंधरा सेकंद घे, २०० हर्ट्झच्या खालची घरघर आणि ४००० च्या वरची सळसळ कमी कर, एवढाच याचा अर्थ. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या प्रोग्राममध्ये माऊसने हेच करता येतं.

यापुढे जाऊन "नॉइज रिडक्शन" जोरात लावू नका, निदान अॅपला द्यायच्या तुकड्यावर तरी नकोच. ते गोंगाटाबरोबर गाण्याचे ठळक बिंदूही खातं आणि नसलेले घालतं. पाण्याखालून बोलल्यासारखा बुडबुडता आवाज यायला लागला की समजा, जास्त झालं. पंख्याची एकसुरी घरघर त्याने बरी जाते. हॉर्न, गर्दी आणि टाळ दर क्षणी बदलत असल्याने तिथे त्याचा इलाज चालत नाही.

शब्द नीट ऐकू येत नाहीत. काय धरायचं आणि काय सोडायचं?

स्वर धरा, व्यंजनं सोडा. गोंगाटात आ, ई, ओ टिकतात, कारण त्यांच्यात जोर असतो आणि ते खालच्या पट्ट्यात असतात. स, श, ख, थ यांची ओळख वरच्या कंपनसंख्यांवर असते. त्या टाळांखाली झाकल्या जातात किंवा जुन्या फोनच्या रेकॉर्डरने मुळात घेतलेल्याच नसतात. त्यामुळे "मला इथे स ऐकू आला" या खुणेला मी जवळजवळ शून्य किंमत देतो. "इथे सहा अक्षरं आहेत आणि शेवटी ई आहे" याला बरीच देतो.

आम्हा तिघांनाही "रामकुंड" ऐकू येतं. तिघं कसे चुकतील?

सहज चुकतील, आणि एकदमच चुकतील. काकूंच्या घरी नेमकं हेच झालं. अकराव्या सेकंदाला मुलाला "रामकुंड" ऐकू आलं आणि त्याने ते बोलून दाखवलं. त्यानंतर सुनेला आणि काकूंना दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. शिवाय रेकॉर्डिंग रामकुंडावरचं आहे हे तिघांनाही माहीत. कान अर्धवट आवाज स्वतःच पुरा करतो, आणि पुरा करायला डोक्यात जे तयार असेल तेच घेतो. ही तीन मतं मी एकच धरली, आणि तेही हलकंच.

मग तोच तुकडा मी नात्यात नसलेल्या दोघांना वेगवेगळा ऐकवला. जागा सांगितली नाही, विषय सांगितला नाही. "जे वाटेल ते लिहा, न कळलेल्या अक्षराला टिंब द्या," एवढंच. एकाने लिहिलं ". . र कुंड ." आणि दुसऱ्याने "अकर कुंडे". दोघांच्या कागदावर "कुंड" आहे, आणि दोघांच्याही कागदावर त्याच्या आधी तीन अक्षरं आहेत. रामकुंडात "कुंड"च्या आधी दोनच अक्षरं येतात. पखवाजाच्या ठेक्यावर बोट ठेवून मोजलं तेव्हाही आधी तीनच आली.

तुम्हालाही घरी हे करता येईल. अट एकच, सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

"विठ्ठल", "हरी" असे शब्द स्पष्ट आले तर गाणं शोधायला सोपं ना?

उलट, तेच सगळ्यांत निकामी. रामकुंडावर टाळमृदंगाच्या साथीने चाललेल्या गाण्यात "विठ्ठल" यायचाच. अमुक अभंग असो वा तमुक, तो दोन्हीत सारखाच येणार, म्हणून निवड करायला मदत शून्य.

"तुका म्हणे" ऐकू आलं तर? कशासाठी वापरता त्यावर आहे. गाथेत चार हजारांहून अधिक अभंग आहेत, तेव्हा अभंग कोणता हे त्याने कळत नाही. पण रचना ज्ञानेश्वरांची किंवा एकनाथांची नाही हे बहुधा ठरतं, आणि आपण शेवटच्या कडव्यात आहोत हे तर नक्कीच ठरतं. हे दुसरं पुढे फार कामी आलं.

मग काकूंच्या रेकॉर्डिंगमधला अभंग कसा ठरला?

हातात असलेलं असं होतं. तीन अक्षरं आणि मग "कुंड". त्या ओळीचा शेवट "णी"सारखा. तेवढाच वेळ गेल्यावर पुन्हा "णी". मग चार अक्षरांचा आखूड तुकडा, आणि टाळकऱ्यांनी सगळं उचलून परत म्हटलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक आणि चौथा चरण आखूड, ही "मोठा अभंग" या छंदाची ठेवण. ती हजारो अभंगांची आहे, म्हणून एकटीने काही सांगत नाही. "कुंड" म्हणजे कुंडलं धरली तर विठ्ठलाच्या रूपवर्णनात ती बऱ्याच ठिकाणी येतात, त्यामुळे तीही एकटी अपुरी. पण दोन्ही एकाच कडव्यात, आणि वर यमक "णी"चं, असं म्हटल्यावर चाळणी बारीक होते. तुकोबांच्या "सुंदर ते ध्यान" मधलं तिसरं कडवं तंतोतंत बसतं: "मकरकुंडले तळपती श्रवणी", मग "कौस्तुभमणी", मग चार अक्षरांचं "विराजित". आणि हा अभंग वारकरी भजनात सुरुवातीलाच म्हणायचा रिवाज असल्याने तो कानावर पडण्याची शक्यता मुळातच जास्त.

तरीही इथवर आपण खुणांना जुळेल असं उत्तर शोधलं, आणि शोधणाऱ्याला काहीतरी जुळतंच. म्हणून उलटी परीक्षा घेतली. हा अभंग असेल तर पुढचं कडवं शेवटचं, म्हणजे टाळकऱ्यांची फेरी संपताच "तुका म्हणे" आलं पाहिजे. कडव्याला लागणारा वेळ मोजला आणि ते चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास यावं असं आधी कागदावर लिहिलं. तोवर तिथे कुणी लक्ष दिलं नव्हतं, कारण त्याच वेळी नात ओरडते. ४१व्या सेकंदाला तिच्या ओरडण्यामागे "…उका म्ह…" एवढंच येतं. स्वच्छ नाही, पण जागेवर आहे. ऐकून मग जुळवलेल्या दहा खुणांपेक्षा आधी लिहून मग सापडलेली ही एक मला जास्त वजनदार वाटते.

शब्द ठरले, म्हणजे गाणं ठरलं ना?

नाही. शब्द तुकोबांचे, पण चाली अनेक. हा अभंग नामांकित गायकांनी वेगवेगळ्या चालींत गायला आहे आणि गावोगावच्या भजनी मंडळांच्या चाली निराळ्याच. अमुक गायकाची रेकॉर्ड आहे असं म्हणायचं तर चाल, पट्टी आणि लय तिन्ही ताडून पाहावी लागतात.

ताडताना एक हिशोब उपयोगी पडतो. कॅसेट किंवा टेप जलद फिरली तर पट्टी आणि लय एकाच प्रमाणात चढतात. एक सूर, म्हणजे काळी एकची पांढरी दोन, चढला तर लय साधारण सहा टक्के वाढलेली हवी. पट्टी एक सुराने वर आहे पण लय जशीच्या तशी, असं निघालं तर नुसती फिरण्यातली गडबड हे कारण पुरत नाही. तेव्हा बहुधा दुसरं गायन असतं. काकूंच्या रेकॉर्डिंगमध्ये चालच वेगळी निघाली. ओळ संपताना गायक वर जातो आणि मंडळी खाली येऊन उचलतात, हे मी ऐकलेल्या कुठल्याही रेकॉर्डवर नाही. "मी ऐकलेल्या" हे शब्द महत्त्वाचे, सगळ्या मंडळांच्या कॅसेट ऐकलेला माणूस जन्माला यायचा आहे.

प्रत्यक्ष दिंडी होती की भोंग्यावर लावलेलं, हे कशावरून सांगता?

लोक तीन गोष्टी पुढे करतात आणि तिन्ही कच्च्या आहेत. लय वाढत गेली, म्हणून प्रत्यक्ष? रेकॉर्डवरच्या भजनांतही लय वाढवतात. कोरस आहे, म्हणून प्रत्यक्ष? कोरस कॅसेटवरही असतो. आवाज मध्येच दबतो आणि मोठा होतो, म्हणून प्रत्यक्ष? तो बहुधा फोनच करतो. जवळ कुणी मोठ्याने बोललं की रेकॉर्डर आपोआप पातळी खाली आणतो आणि मग सावकाश वर नेतो.

पक्की खूण चालण्यात सापडली. रेकॉर्डिंग करणारा माणूस चालतो आहे. भोंगा एकच असता तर गायक, टाळ आणि पखवाज तिघंही एकदम जवळ आले असते आणि एकदम लांब गेले असते. इथे विसाव्या सेकंदानंतर टाळ वाढत जातात, त्याच वेळी गायकाचा आवाज मागे पडतो आणि पखवाज जवळपास तेवढाच राहतो. फोनने पातळी हलवली तर सगळं एकत्र हलतं, असं एक वर एक खाली होत नाही. म्हणजे आवाज वेगवेगळ्या जागांवरून येत होते. याला एकच पळवाट उरते, गायकापुढे माइक आणि टाळकरी मोकळे. तसं असलं तरी गाणारी माणसं प्रत्यक्षच ठरतात.

कधीचं रेकॉर्डिंग, हे फाइलच्या नावावरून कळेल का?

नाव `AUD-` किंवा `PTT-` ने सुरू होत असेल तर पुढची तारीख व्हॉट्सअॅपवर देवाणघेवाण झाल्याची असते, रेकॉर्डिंगची असेलच असं नाही. काकूंच्या मुलाकडच्या फाइलवर जूनमधली तारीख होती, म्हणून घरात सगळे आषाढीची पालखी धरून बसले होते. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून नाशिकवरून पंढरपूरला ज्येष्ठातच जाते, तेव्हा अंदाज अगदीच वावगा नव्हता. पण काकूंच्या जुन्या फोनमध्ये मूळ फाइल होती. तिच्यावर

```
ffprobe -hide_banner ramkund.m4a
```

एवढं चालवल्यावर `creation_time` ची ओळ दिसली, जानेवारी अखेरची, वेळ 12:20. शेवटी Z असेल तर ती जागतिक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे संध्याकाळचे पाच पन्नास. फोनचं घड्याळ चुकलेलं असू शकतं, म्हणून मी तेवढ्यावर थांबलो नाही. त्या वर्षीची पौष वद्य एकादशी दिनदर्शिकेत पाहिली तर दोनच दिवसांवर होती. निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्या सुमाराला दिंड्या त्र्यंबकच्या वाटेने जात असतात. तारीख फाइलमधून आणि यात्रा दिनदर्शिकेतून, दोन्ही एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून इथे वजनाची बेरीज करता येते.

शेवटी काकूंना काय सांगितलंत?

कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. अभंग "सुंदर ते ध्यान", तिसरं कडवं आणि चौथ्याची सुरुवात: नक्की. गाणारी माणसं प्रत्यक्ष, रेकॉर्ड नव्हे: नक्कीच्या जवळ. प्रसंग पौषातल्या यात्रेचा: बहुधा. गायक कोण, याच्यापुढे रेघ मारली.

चालीवरून ती दिंडी कुठल्या गावची ते काढता येणार नाही का?

काकूंनीही हेच विचारलं. चाल एका गावापुरती राहत नाही. बुवा बदलतात, टाळकरी सासुरवाडीहून नवी चाल घेऊन येतात, पंगतीला बसलेलं दुसरं मंडळ ती उचलतं. त्यामुळे "आमच्याकडे असंच म्हणतात" असं कुणी म्हटलं तर ती हलकी खूण. मात्र कुणी त्याच वर्षीचं, त्याच दिवसांतलं स्वतःच्या दिंडीचं रेकॉर्डिंग आणलं आणि त्यात तोच गायक, तीच पट्टी आणि पखवाजाच्या फेरीत तीच अडखळ निघाली, तर रेघेच्या जागी नाव लिहीन. यात्रेहून परतणाऱ्या दोन मंडळांना काकूंच्या मुलाने तो तुकडा दिला आहे, गावाचं नाव न सुचवता.